एआय रिसर्च इंटर्नशिपसाठी शिफारसपत्र: जमेची बाजू आणि मर्यादा दोन्ही खऱ्या कशा लिहायच्या

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळी इंटर्नशिपच्या अर्जांचा हंगाम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कॉलेजांत या दिवसांत स्टाफरूमच्या दारात एखादा विद्यार्थी हमखास उभा असतो: "सर, एलओआर पाहिजे होतं." नव्याने शिकवायला लागलेल्या प्राध्यापकाने तोवर बोनाफाईड लिहिलेलं असतं, कॅरेक्टर सर्टिफिकेट लिहिलेलं असतं, प्लेसमेंटसाठी दोन ओळी लिहिलेल्या असतात. रिसर्च इंटर्नशिपचं पत्रही त्याच साच्यात ओतलं जातं आणि वाया जातं. दाखला एवढंच सांगतो की या मुलाबद्दल तक्रार नाही. शिफारसपत्र वाचणाऱ्याला मात्र वेगळंच ठरवायचं असतं: या अनोळखी मुलीला आठ-दहा आठवडे आपल्या गटात घ्यावं का, आणि घेतलं तर तिला कुठे हात द्यावा लागेल?

हा लेख त्या एका पत्राबद्दल आहे. सोबत एक नमुना घेऊन चालू. विद्यार्थिनी काल्पनिक आहे आणि तिचे आकडेही नमुन्याचेच आहेत, पण प्रकल्प असा घेतला आहे की आपल्या भागात तो सहज सुचेल. व्हीटीयूशी संलग्न कॉलेज, सहावं सेमिस्टर, चार जणांचा गट. विषय असा: बेळगावकर मोबाईलवर रोमन लिपीत जे मराठी-कन्नड मिसळून लिहितात, त्यातला प्रत्येक शब्द कोणत्या भाषेतला आहे हे यंत्राने ओळखायचं. या विद्यार्थिनीला भारतीय भाषांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा आहे.

आधी ठरवा: हे पत्र तुम्ही लिहावं का?

तीन गोष्टी स्वतःला विचारा. मी या विद्यार्थिनीला काम करताना पाहिलं आहे का, की फक्त वर्गात बसलेली पाहिली आहे? तिच्या कामातला एक तरी प्रसंग मला तपशिलाने सांगता येईल का? आणि तिची मर्यादा लिहिल्यावरही माझा कौल "घ्या" असाच राहील का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर पत्र लिहू नका, आणि ते त्याच दिवशी सांगा. "तुझं काम मी जवळून पाहिलेलं नाही, प्रोजेक्ट गाईडकडून घेतलंस तर जास्त उपयोग होईल" एवढं पुरतं. आपल्याकडे नाही म्हणणं जड जातं, विशेषतः घरचे ओळखीचे असले तर. पण मनातून पटलेलं नसताना लिहिलेलं पत्र कोमट होतं. वाचणाऱ्याला ते तिसऱ्या ओळीतच कळतं आणि त्याची किंमत मुलगी मोजते. फक्त वर्गात शिकवलं असेल तर पत्र लिहायला हरकत नाही, मात्र "मी तिला एका विषयात शिकवलं, प्रकल्पाचं काम पाहिलेलं नाही" हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

"तूच लिहून आण, मी सही करतो" ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रूढ आहे. ती इथे चालत नाही, याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. विद्यार्थी स्वतःची मर्यादा लिहू शकत नाही. लिहिलीच तर "मी फार परिपूर्णतेच्या मागे लागते" असलं काहीतरी लिहितो. चार मित्र एकच नमुना उतरवून घेतात आणि एकाच कॉलेजातून एकाच प्रयोगशाळेत तीच वाक्यं असलेली चार पत्रं जातात. शिवाय अर्जांच्या फॉर्मवर अनेकदा लिहिलेलं असतं की पत्र गोपनीय आहे आणि ते थेट शिक्षकानेच पाठवायचं आहे. आपण तिथे होकार देतो तो खरा असावा.

माहिती गोळा करणं: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

पत्र टाईप करायला तासभर लागतो. त्याआधीची तयारी दोन-तीन दिवसांची आहे, म्हणून विद्यार्थ्याला किमान तीन आठवडे आधी यायला सांगा. त्याच्याकडून इतकं मागा: रिझ्युमे, सगळी ग्रेड कार्डं, प्रकल्पाचा अहवाल, कोडची लिंक, इंटर्नशिपच्या जाहिरातीचा पूर्ण मजकूर आणि शेवटची तारीख. आणखी एक पान हाताने लिहून मागा. त्यात दोनच प्रश्न: प्रकल्पात तुझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती आणि ती कशी सापडली? गटातल्या इतरांनी केलेलं, तू न केलेलं काम कोणतं?

दुसरा प्रश्न चार जणांच्या गटासाठी फार कामाचा आहे. अहवालावर चौघांची नावं असतात आणि रिझ्युमेवर प्रत्येकजण पूर्ण प्रकल्प आपल्या नावावर लावतो. कोणी काय केलं ते शोधायचा सोपा मार्ग म्हणजे कोडचा इतिहास उघडणं. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा:

```
git shortlog -sn --all
git log --stat -- data/ train.py
```

पहिली ओळ कोणाच्या नावावर किती नोंदी आहेत ते दाखवते. दुसरी ओळ त्या फाईलींत कधी, कोणी, किती बदल केले ते दाखवते. फाईलींची नावं अर्थात तुमच्या प्रकल्पातली घाला. पण या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका. चौघं मिळून एकाच लॅपटॉपवर बसत असतील तर सगळ्या नोंदी लॅपटॉपवाल्याच्या नावावर पडतात. कोलॅबमध्ये काम करून शेवटच्या रात्री सगळं एकदम चढवलं असेल तर इतिहासात काहीच उरत नाही. म्हणून यानंतर अर्धा तास समोरासमोर बसा आणि विद्यार्थ्याला त्याच्याच कोडमधला एखादा तुकडा समजावून सांगायला लावा. "ही ओळ काढली तर काय होईल?" हा प्रश्न मला सगळ्यात खात्रीचा वाटतो. ज्याने काम केलं आहे तो उत्तर देतो, किंवा "करून बघतो" म्हणतो. ज्याने केलेलं नाही तो व्याख्या सांगू लागतो.

नमुन्यातल्या विद्यार्थिनीबद्दल या तयारीतून काय हाती आलं ते पाहू.

गटाने दोन हजार कमेंट गोळा केल्या आणि त्यातल्या शब्दांवर मराठी, कन्नड, इंग्रजी, विशेषनाम अशी चिन्हं लावली. प्रशिक्षणासाठी त्यांनी मुरिल हे तयार मॉडेल घेतलं. गूगलने ते सर्वांसाठी खुलं केलेलं आहे. ते इंग्रजी धरून 17 भाषांवर शिकवलेलं आहे, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत, आणि रोमन लिपीत उतरवलेला मजकूरही त्याला दाखवलेला आहे. म्हणून निवड योग्य होती. मॉडेल उतरवून चालवण्याचं काम गटातल्या दुसऱ्या एका मुलाने केलं. या विद्यार्थिनीचं काम होतं विदा तयार करणं आणि निकाल तपासणं.

चिन्हं लावताना तिच्या लक्षात आलं की तिची आणि तिच्या जोडीदाराची उत्तरं सारखी जुळत नाहीत. तिने न जुळणारे शब्द वेगळे काढले. रोमनमध्ये "anna" लिहिलं की ते मराठीतलं अण्णा असू शकतं, कन्नडमधलं अण्णा असू शकतं, किंवा अन्न असू शकतं, आणि ते अन्नही दोन्ही भाषांत आहे. "akka" ची तीच गत. "maga" म्हणजे मराठीत मग, कन्नडमध्ये मुलगा. सीमाभागात राहणाऱ्याला हे ऐकताना कधी जाणवतही नाही, पण चिन्ह लावायला बसलं की हात थांबतो. तिने "दोन्ही भाषांचा" असं पाचवं चिन्ह सुचवलं आणि शेजारच्या शब्दांवरून कधी कोणतं चिन्ह लावायचं याचा दीड पानाचा नियम लिहिला. त्यानंतर दोघांनी 200 कमेंट एकमेकांचं न बघता पुन्हा तपासल्या. दोघांची उत्तरं किती जुळतात ते मोजणारा कप्पा हा आकडा 0.58 वरून 0.76 वर गेला.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा. मॉडेलचा गुण 0.91 आला. गट खूश झाला, अहवालात तो आकडा गेलाही. ही मुलगी मात्र चुकलेली उदाहरणं वाचत बसली आणि तिला दिसलं की बरोबर आलेल्यांत वाढदिवसाच्या आणि सणाच्या शुभेच्छा फार आहेत. एकच शुभेच्छा शेकडो लोकांनी उतरवून टाकलेली होती. तेच वाक्य प्रशिक्षणाच्या भागात आणि तपासणीच्या भागातही होतं. थोडक्यात, परीक्षेतले प्रश्न मॉडेलने आधीच पाहिले होते. तिने सारख्या कमेंट काढून टाकल्या आणि पुन्हा चालवलं तेव्हा गुण 0.82 वर उतरला. सादरीकरणाला चार दिवस उरलेले असताना तिने गटाशी भांडून 0.82 हाच आकडा अहवालात घातला.

मर्यादाही पुढे आल्या. कोलॅबवर "CUDA out of memory" अशी चूक येऊ लागली तेव्हा ती नऊ दिवस एकटीच झगडत राहिली, कोणाला विचारलं नाही. उपाय साधा होता: एका वेळी 32 ऐवजी 8 वाक्यं पाठवायची. गाईडने बोलून घेतल्यावर तिने "दोन दिवस अडले तर विचारायचं" असं ठरवलं आणि पुढच्या दोन महिन्यांत तीन वेळा वेळेवर विचारलंही. दुसरी मर्यादा गणिताची. तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात ग्रेड बेताची आहे. पेपरमधला प्रयोगाचा भाग ती नीट वाचते, समीकरणांचा भाग ओलांडून जाते.

एवढं हाती असलं की पत्र जवळजवळ तयार आहे.

पत्राची मांडणी

लांबी एक ते दीड पान. दोन पानांच्या पुढे गेलं तर वाचलं जाणार नाही, अर्ध्या पानाचं असलं तर तुम्ही तिला ओळखत नाही असा अर्थ काढला जाईल. पत्र इंग्रजीतच जाणार, पण परिच्छेदाचा आशय आधी मराठीत मांडून बघा. "सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबीडिअंट" हे शब्द इंग्रजीत सराईतपणे निसटतात. तेच "प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक" असं लिहिलं की आपल्यालाच प्रश्न पडतो: कशात प्रामाणिक? आणि संशोधनाला आज्ञाधारकपणा कशाला हवा? जो शब्द मराठीत पोकळ वाटेल तो इंग्रजीतही पोकळच आहे.

पहिल्या परिच्छेदात नातं सांगा: कधीपासून ओळखता, कोणत्या नात्याने, किती जवळून. "मी तिला पाचव्या सेमिस्टरमध्ये मशीन लर्निंग शिकवलं आणि सहाव्या सेमिस्टरमध्ये तिच्या गटाचा मार्गदर्शक होतो. जानेवारी ते मे या काळात गट मला दर आठवड्याला भेटत असे." इथेच तुलनेचा गटही सांगून टाका: "या विषयात मी आजवर सुमारे 180 विद्यार्थ्यांना शिकवलं आहे." पुढे तुम्ही "पहिल्या पाचांत" म्हणाल तेव्हा कोणत्या संख्येतले पाच हे वाचणाऱ्याला कळलेलं असतं. कॉलेजबद्दल एक ओळ पुरे. कॉलेजचा इतिहास, नॅकची श्रेणी आणि ट्रस्टच्या संस्थापकांची नावं लेटरहेडवर शोभतात, पत्रात नकोत.

दुसरा परिच्छेद पत्राचा गाभा आहे. त्यात एकच प्रसंग घ्या आणि तो सविस्तर सांगा. दोन प्रसंग हाताशी आहेत, मग मुख्य कोणता? माझ्या मते गुण 0.91 वरून 0.82 वर आणणारा. एआयच्या कामात चांगला आकडा आला की तो खरा मानायचा मोह सगळ्यांनाच होतो. स्वतःच्या चांगल्या आकड्यावर संशय घेणारा विद्यार्थी मार्गदर्शकाला हवा असतो. मसुदा असा होईल:

"गटाचा पहिला निकाल 0.91 होता. चुकलेली उदाहरणं तपासताना तिला आढळलं की एकच शुभेच्छासंदेश प्रशिक्षण आणि तपासणी या दोन्ही भागांत आहे. सारखा मजकूर काढल्यावर गुण 0.82 झाला. सादरीकरण चार दिवसांवर होतं आणि गटातल्या इतरांना जुना आकडा ठेवायचा होता. तिने नवा आकडा आणि तो का उतरला याचं एक पान अहवालात घातलं. ही तपासणी करायला मी सांगितलं नव्हतं."

शेवटचं वाक्य लहान आहे, पण सगळं वजन त्याच्यावर आहे. तुम्ही सांगून केलेलं काम आणि स्वतःहून केलेलं काम यांतला फरक पत्रात स्पष्ट यायला हवा. आणि हो, तुम्ही सांगितलं असेल तर तसं लिहा. "मी सुचवल्यावर दोन दिवसांत पूर्ण केलं" हीसुद्धा चांगली गोष्ट आहे.

तिसऱ्या परिच्छेदात कौशल्याची नेमकी कक्षा. "anna" आणि "maga" चा प्रसंग इथे येईल. आपल्या भागातले प्राध्यापक इथे एक गोष्ट हमखास चुकतात: "ती सीमाभागातली असल्याने तिला दोन्ही भाषा येतात" असं लिहून थांबतात. बेळगावात दोन भाषा येणारी माणसं घराघरात आहेत. तिने त्या ज्ञानातून नियम लिहिला आणि जुळणी मोजून दाखवली, ही तिची जमेची बाजू आहे. भाषा येणं त्याच्या आधीची पायरी झाली.

याच परिच्छेदात दुसरी मोठी चूक होते: "तिने नवं एआय मॉडेल विकसित केलं." वाचणारा याच क्षेत्रातला आहे. रिझ्युमेत `google/muril-base-cased` हे नाव दिसलं की त्याला कळतं की तयार मॉडेलला थोडं जास्त प्रशिक्षण दिलेलं आहे, आणि तेही गटातल्या दुसऱ्याने. मग पत्रातली बाकीची खरी वाक्यंही त्याला फुगवलेली वाटू लागतात. लिहायचं ते असं: "मॉडेलच्या प्रशिक्षणाचा कोड तिच्या सहकाऱ्याने लिहिला. ती तो वाचू आणि बदलू शकते. विदा आणि तपासणीचं काम पूर्णपणे तिचं आहे." यात तिचं काही कमी होत नाही. उलट "पूर्णपणे तिचं" या शब्दांवर विश्वास बसतो.

मर्यादेचा परिच्छेद

नव्या माणसाचा हात इथेच अडतो. मर्यादा लिहिली तर मुलीचं नुकसान होईल असं वाटतं. आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपचा हिशेब मांडून बघा. मर्यादा लपवली, निवड झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात ती कुठेतरी अडून नऊ दिवस गप्प बसली तर इंटर्नशिपचा जवळपास सहावा हिस्सा गेला. तेच मार्गदर्शकाला आधी माहीत असेल तर तो पहिल्याच सोमवारी सांगेल, "दर दोन दिवसांनी मला चार ओळी लिहून पाठव."

पत्रात जाणारी मर्यादा तीन गाळण्यांतून गेली पाहिजे. ती तुम्ही स्वतः पाहिलेली असावी. त्या कामाशी तिचा संबंध असावा. आणि तिच्यासोबत पुढचं वाक्य असावं: ती कमी झाली का, किंवा कोणती मदत दिली तर अडचण राहत नाही.

गप्प बसण्याची सवय तिन्ही गाळण्यांतून जाते. मसुदा: "अडचण आली की ती मदत उशिरा मागते. मार्चमध्ये मेमरीच्या एका चुकीवर तिने नऊ दिवस घालवले. प्रश्न विचारला असता तर तो दहा मिनिटांत सुटला असता. यावर आम्ही बोललो. त्यानंतरच्या दोन महिन्यांत तिने तीन वेळा दोन दिवसांच्या आत विचारलं. नव्या ठिकाणी ही सवय परत येऊ शकते, म्हणून सुरुवातीचे तीन आठवडे ठरलेल्या भेटी ठेवाव्यात असं मी सुचवेन."

गणिताची मर्यादाही जाते, पण ती जाहिरातीवर अवलंबून आहे. विदा आणि मूल्यमापनाचं काम असेल तर एक वाक्य पुरे: "पेपरमधला गणिती भाग समजून घ्यायला तिला मदत लागते, सिद्धतेवर आधारित काम तिला या टप्प्यावर देऊ नये." जाहिरात ऑप्टिमायझेशनच्या सिद्धांताची असेल तर तिलाच बोलावून सांगा की हा अर्ज तुझ्यासाठी नाही, दुसरा शोधू. तशा जागेसाठी पत्रात गणिताची बाजू झाकून लिहिणं तिलाही तापदायक ठरेल.

आता न जाणारं. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, वडील शेती करतात, घरून परगावी जायला विरोध आहे, मधे आजारपण झालं होतं. यातलं काहीही तिच्या परवानगीशिवाय लिहायचं नाही. जात, धर्म, लग्नाचा विषय तर परवानगीनेही नाही. "ग्रामीण पार्श्वभूमी असूनही" हे शब्द कौतुकाने लिहिले जातात, पण त्यातल्या "असूनही" मध्ये कमीपणा दडलेला आहे. इंग्रजीत बोलताना ती अडखळते, हे लिहावं का? तिचा अहवाल वाचा. लिहिलेलं इंग्रजी स्पष्ट असेल तर बोलण्याचा उल्लेख नको, कारण इंटर्नशिपमध्ये तिला भाषण करायचं नाही. अहवाल दुसऱ्याने लिहून दिलेला असेल तर मात्र तो मुद्दा आहे, आणि तो "लेखनाचा अनुभव कमी आहे" असा साध्या शब्दांत यावा.

खोटी मर्यादा लिहू नका. "ती जरा जास्तच मेहनत करते", "कामात स्वतःला विसरते" अशी वाक्यं वाचली की मर्यादा लपवली आहे एवढंच कळतं.

मर्यादा ठेवायची जागाही पाहा. ती शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असावी. शेवटच्या ओळीत ठेवली तर तीच लक्षात राहते. जमेच्या प्रत्येक बाजूला "पण" लावून थोडी थोडी वाटली तर पूर्ण पत्रच तक्रारीसारखं वाटतं.

कौल आणि टक्क्यांचा तक्ता

शेवटच्या परिच्छेदात गुळमुळीत राहू नका. "तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा" हे निरोपसमारंभाचं वाक्य आहे. कशासाठी शिफारस करता ते लिहा: "विदा तयार करणं, मूल्यमापन, चुकांचं विश्लेषण या कामासाठी मी तिची ठाम शिफारस करतो. माझ्या 180 विद्यार्थ्यांपैकी निकाल तपासण्याच्या बाबतीत ती पहिल्या पाचांत आहे. गणिताच्या बाबतीत ती मध्यात आहे."

ऑनलाईन फॉर्मवर बहुधा एक तक्ताही असतो: बुद्धी, स्वयंप्रेरणा, लेखन, सहकार्य, आणि समोर पहिले 1, 5, 10, 25 टक्के असे रकाने. सगळीकडे पहिला रकाना भरायचा ही जुनी सवय. साधं गणित करा. 60 जणांच्या वर्गात पहिले 5 टक्के म्हणजे तीन विद्यार्थी. पहिला 1 टक्का म्हणजे एक विद्यार्थीसुद्धा भरत नाही. 180 मध्ये पाच म्हणजे जेमतेम 3 टक्के, म्हणून तपासणीच्या कामासमोर 5 टक्क्यांचा रकाना. गणिताच्या समोर 50 टक्क्यांचा असेल तर तो. पत्रात मर्यादा आणि तक्त्यात सगळीकडे 1 टक्का असं झालं तर वाचणारा दोन्हींवरचा विश्वास सोडतो. "मत देता येत नाही" असा रकाना असेल तर तोही मोकळेपणाने वापरा.

पाठवताना अडणाऱ्या बारीक गोष्टी

विद्यार्थिनीचं नाव अर्जात जसं आहे तसंच लिहा. आपल्याकडे हा खरा घोळ आहे: घरी आडनाव-नाव-वडिलांचं नाव, कर्नाटकाच्या एसएसएलसी मार्क्सकार्डावर कधी आद्याक्षरं, आधारवर तिसरंच. पोर्टल नाव जुळवतं आणि पत्र भलतीकडे अडकतं. तसंच गावाचं. 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी झालं, पण जुन्या लेटरहेडवर आणि काही कागदांवर बेळगाव किंवा जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे. दोन वेगळ्या शहरांतली कॉलेजं वाटू नयेत म्हणून अर्जातलं आणि पत्रातलं स्पेलिंग एक ठेवा.

ईमेल कॉलेजच्या डोमेनवरचाच द्या. जीमेलवरून आलेलं पत्र काही ठिकाणी स्वीकारतच नाहीत, कारण ते कोणीही पाठवू शकतं. कॉलेजचा मेल बंद पडलेला असेल तर तो आधी सुरू करून घ्या. तीन आठवडे मागायचं हेही एक कारण. पोर्टलची लिंक अनेकदा स्पॅममध्ये पडते. विद्यार्थिनीने अर्जात तुमचं नाव भरल्याच्या दिवशीच तिथे बघा.

फाईल पीडीएफ असावी. सही केलेल्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून पाठवू नका, त्यावर सावली पडते आणि अक्षरं पुसट होतात. वर्डमध्ये लेटरहेडवर लिहून, सहीचं चित्र बसवून, थेट पीडीएफ करा. तारीख, हुद्दा, विभाग, फोन नंबर असू द्या. गोल शिक्का मारायची सक्ती सहसा नसते.

शेवटच्या तारखेपुढे कधी "AoE" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पृथ्वीवर कुठेही तो दिवस संपेपर्यंत. आपल्या घड्याळाने ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला होतं. 31 जानेवारी AoE म्हणजे 1 फेब्रुवारीच्या संध्याकाळचे साडेपाच. नुसती तारीख असेल आणि काहीच लिहिलेलं नसेल तर भारतीय वेळ धरा आणि आदल्या दिवशी पाठवून मोकळे व्हा.

पाठवल्यावर विद्यार्थिनीला "पत्र गेलं" एवढं कळवा. पत्र गोपनीय असेल तर प्रत दाखवू नका, पण मर्यादेचा परिच्छेद तिला तोंडी आधीच माहीत असायला हवा. नऊ दिवसांची गोष्ट तिला पहिल्यांदा मुलाखतीत कळली तर ती गोंधळेल. आधी बोलणं झालेलं असेल तर ती स्वतःच सांगेल की आता दोन दिवसांचा नियम पाळते. पत्राची आणि तुमच्या टिपणांची प्रत जपून ठेवा. प्रयोगशाळेतून कधी महिन्याने फोन येतो, आणि तेव्हा 0.82 हा आकडा समोर असलेला बरा. तिने पुढे दुसऱ्या ठिकाणी अर्ज केला तर दुसरा आणि तिसरा परिच्छेद तसेच चालतील. मर्यादेचा आणि कौलाचा परिच्छेद त्या जाहिरातीकडे बघून पुन्हा लिहा, आणि वर आधीच्या प्रयोगशाळेचं नाव राहिलेलं नाही ना, तेवढं पाठवण्याआधी एकदा वाचा.